फोन ठेवू नका

आपत्कालीन कॉल घेणं हे माझं पोटापाण्याचं काम. आमचा पहिला नियम असा, की समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. घरच्यांनाही मी तेच पढवून ठेवलंय.

ताई आणि भावोजी परदेशी फिरायला निघाले, तेव्हा मी भावोजींना बजावलं, "आपला आपत्कालीन नंबर तिकडे चालत नाही. तिथे पोलिसांचा एकशे दहा आणि अँब्युलन्सचा एकशे एकोणीस. शिवाय आपल्या वकिलातीचा आणि विमा कंपनीचा नंबर, दोन्ही देशाच्या कोडसकट. आणि राहायचा पत्ता तिथल्या लिपीत." सगळं चिठ्ठीवर लिहून मी त्यांच्या चष्म्याच्या डबीत कोंबलं.

"मेहुणीबाई, तुम्ही असताना आम्हाला कसली काळजी!" भावोजी हसले. त्यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पाचव्या दिवशी दुपारी मी घरी भांडी घासत असताना त्यांचा फोन आला.

"तुझ्या ताईचे ओठ सुजलेत, अंगभर गांधी उठल्यात. श्वास घेता येत नाहीये तिला! आपला नंबर लावला, लागतच नाही. तू पाठव ना कुणाला तरी!"

ताईला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कशात तरी खाल्ला असणार. आणि इथून मी एकशे एकोणीस लावला, तरी तो तिथे थोडाच लागणार होता?

"भावोजी, फोन ठेवा. एकशे एकोणीस लावा. पत्ता चष्म्याच्या डबीत आहे. तिला चालवू नका, बसून बरं वाटत असेल तर बसू द्या."

"तूच म्हणतेस ना, फोन ठेवायचा नाही! तू बोलत राहा, मला धीर येतो."

भाड्याची खोली, शेजारी अनोळखी, चालू फोन एकच. मी त्यांच्याशी बोलत राहिले असते, तर माझी बहीण माझ्या कानात मेली असती.

मी फोन कापला.

लगेच पुन्हा वाजला. पुन्हा कापला. मी डोळे मिटून म्हटलं, आता नाही उचलणार म्हणजे नाही. तिसऱ्यांदा तो वाजलाच नाही. म्हणजे त्यांनी तिकडे लावला असावा. मी तेवढ्यात विमा कंपनीला फोन करून केस नोंदवली. मग ओल्या हातांनी मोबाइलसमोर बसून राहिले. जन्मात इतकी भ्याले नव्हते.

दिवेलागणीला फोन आला. आवाज घोगरा होता, पण ताईचा होता.

"वेळेवर इंजेक्शन मिळालं. रात्रभर इथेच ठेवणार आहेत. तू म्हणे दोनदा फोन कापलास?"

"हो."

"बरं केलंस. आता ठेव, डॉक्टर आलेत."

मला रडू आवरेना.

"मी नाही ठेवणार," मी म्हटलं. "आधी तू ठेव."