नऊ लाख साठ हजारांचे पेढे

शिवदास पाटलांनी पेढे सकाळीच वाटले होते. पोरीला नऊ लाख साठ हजारांचं पॅकेज मिळालं, हे अख्ख्या नवघरला कळलं होतं. फक्त ऑफर लेटर पोरीने अजून पुरतं वाचलं नव्हतं.

आता संध्याकाळचे पाच वाजले होते. सहापर्यंत ‘स्वीकार’ दाबलं नाही तर ऑफर रद्द होणार होती, आणि अनुष्काचा मोठा भाऊ योगेंद्र टेबलावरच्या लॅपटॉपपाशी पहारेकऱ्यासारखा उभा होता. ऑफर देणाऱ्या कंपनीतच तो चार वर्षांपासून होता. बहिणीचं नाव त्यानेच पुढे केलं होतं.

“वाचून काय तू वकील होणारेस? दाब ना.”

अनुष्काला संताप आला. आजवर शाळा, कॉलेज, बँकेचं खातं, सगळं दादाने ठरवलं आणि तिने मान डोलावली. आज ती मान डोलवणार नव्हती.

“नऊ साठमध्ये एक लाख जॉइनिंग बोनस आहे. दीड वर्षाच्या आत सोडलं तर पूर्ण परत करायचा. एक लाख वीस हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षाअखेरचा बोनस. कंपनीने भरायचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा ह्यातच धरलीय. महिन्याला हातात छप्पन हजार चारशे. आत्ता मला बावन्न मिळतात, इथे मीरा रोडला, आणि नोटिस एक महिन्याची. तिकडे नोटिस तीन महिन्यांची. मी पैसे भरून लवकर सुटते म्हटलं, तरी सोडायचं की नाही ते कंपनी ठरवणार.”

“सगळीकडे असंच असतं.”

“व्हेरिएबल कंपनीच्या मर्जीवर, आणि मिळायच्या दिवशी नोटिसवर असले तर शून्य. दुपारी एचआरला मेल करून विचारलं. म्हणे पॉलिसी आहे, बदलणार नाही.”

“मेल केलास? मला न विचारता?” योगेंद्रचा आवाज चढला. “माझं नाक कापलंस तिथे. लोक लाईन लावून बसलेत, आणि ही बाई शर्ती घालतेय. लायकी बघ आधी आपली.”

शिवदास खुर्चीतून म्हणाले, “दाब गं पोरी. पेढं वाटून झालंन. आता न्हाय म्हटलं तर लोक काय बोलतील?”

“दादा, तुझा बोनस किती आला?”

“तुला काय करायचंय?”

“आला का, एवढंच सांग.”

योगेंद्रने घड्याळाकडे बोट दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको दिव्या कणकेच्या हातांनी उभी होती. एरवी ती ह्या घरात फारसं बोलत नसे.

“दोन वर्षं नाही आला,” ती म्हणाली. “नोकरी सोडायची म्हटलं तर नवी कंपनी तीन महिने कुठे थांबणार, म्हणून हे तिथेच अडकलेत. आणि ताई, तुम्ही रुजू होऊन सहा महिने टिकलात की ह्यांना नाव सुचवल्याचे पंचवीस हजार मिळणार आहेत. गाडीचे दोन हप्ते त्यावरच धरलेत.”

“दिव्या, आत हो.”

ती हलली नाही.

अनुष्काने भावाकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली, तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तिने ‘नकार’ दाबला आणि लॅपटॉप बंद केला.

योगेंद्र तणतणत दाराकडे निघाला तेव्हा शिवदासांनी त्याला हाक मारली. उरलेला पेढ्यांचा डबा त्याच्यापुढे धरला.

“हे तुझ्या कंपनीत घेऊन जा,” ते म्हणाले. “पोरीने न्हाय म्हटलं ते बरोबर. लोकांना मी सांगतो काय सांगायचं ते.”