चंद्रकळेवरचा मरून

भाऊ बहिणीच्या दारात आपण होऊन आला की समजावं, काहीतरी काम आहे. मेघाला हे समजत नव्हतं असं नाही. पण ती कामाला होती त्या फोटो स्टुडिओचा काचेचा दरवाजा ढकलून समाधान आत आला, तेव्हा तिचा जीव सुपाएवढा झाला. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तेवढ्यात तो गावाहून, नरडाण्याहून, धुळ्याला शंभर वेळा आला असेल. स्टुडिओची पायरी मात्र आज चढला.

"बहीन, मायना फोटो मोठा करना शे," तो खुर्चीवर टेकत म्हणाला. "वर्षश्राद्धले भितडावर लावू. तुन्हाकडे शे तोच चांगला शे."

तोच चांगला होता, कारण दुसरा नव्हताच. आई, म्हणजे सुंदरबाई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मेघाकडे धुळ्याला आली आणि राहिली ती राहिलीच. "पंधरा दिवसांनी नेतो," म्हणून गेलेला समाधान दोन वर्षं फिरकला नाही. फोनवर कधी कपाशीची वेचणी असायची, कधी बायकोची, रूपाची, कंबर धरलेली असायची. जावई नीलेश सासूचं सगळं निमूट करत होता, आणि मुलाच्या घरी मात्र आईसाठी जागा निघत नव्हती. शेवटी आईला गावी नेलं ते रुग्णवाहिकेतून, चादरीखाली. तेव्हा लगेच जागा निघाली!

फोटो त्या दोन वर्षांतल्या एका संक्रांतीचा. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीला काळी चंद्रकळा घेतात. सुंदरबाईच्या त्या वर्षी घरात सुतक होतं, म्हणून तिची राहिली, आणि पुढे कोणाला आठवण झाली नाही. म्हातारी एकदा बोलता बोलता हे बोलून गेली आणि मेघाने चंद्रकळा आणली. काळं कुळकुळीत रेशीम, रुंद जरीचा काठ, पदरावर बारीक बुट्टे. आई घाबरली. "विधवा बाई मी, लोके काय म्हनतीन?" मेघा म्हणाली, "धुळ्यात तुला ओळखतं कोण?" आणि तिला साडी नेसवून सरळ स्टुडिओत आणलं. स्टुडिओचे मालक नूर महंमद यांनी स्वतः फोटो काढला. आईच्या अंगावर ती साडी गावात कोणी कधी पाहिली नाही. ती गेल्यावर कपड्यांचं बोचकं प्रेतासोबत गावी गेलं आणि दहाव्यानंतर रूपाने ते वाटून टाकलं.

"फक्त एक कर," समाधान म्हणाला. "काळी साडी भितडावर बरी दिसत नही. त्यात बाबा गेल्यावर मायने चंद्रकळा नेसली, म्हणून लोके तिलेच नावं ठेवतीन. रंग बदली दे. मरून कर. रूपा म्हने मरून चांगला दिसी."

मेघाने आधी नाही म्हटलं. मग समाधान म्हणाला, "तुन्हासारखं काम आख्ख्या धुळ्यात कोनी करत नही. मायनं काम शे, तूच कर." इतक्या वर्षांत भावाच्या तोंडून आलेला हा पहिला चांगला शब्द. उपाशी माणसाला शिळी भाकरीही गोड लागते. मेघा हो म्हणाली. आईला कोणी नावं ठेवू नयेत, असंही तिला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

नूर महंमद चाचांनी ऐकलं आणि मान हलवली. "बेटी, रंगाऱ्याला विचार. काळ्यावर रंग चढत नाही."

"फोटोत चढतो, चाचा."

"चढतो गं. पण चढवू नये."

तिने मूळ फाईल उघडली. साडी निळी-हिरवी असती तर रंगाची पट्टी सरकवून काम झालं असतं. काळ्यात फिरवायला रंगच नसतो. आधी काळ्याच्या पोटात दडलेला उजेड वर काढावा लागतो, आणि तो जास्त काढला की रेशमावर वाळूसारखे कण उठतात. चाचांनी फोटो कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये काढलेला होता म्हणून बरं. निऱ्यांच्या खोल सावल्यांतही कापडाचं विणकाम शिल्लक होतं. मेघाने साडीची कड माऊसने हळूहळू कापून घेतली, हात आणि गळा बाजूला ठेवले, आणि रेशीम थोडं थोडं उजळत त्यावर मरून उतरवला.

खरी परीक्षा काठाची. कच्चे कारागीर साडीबरोबर काठावरही रंग ओततात, मग जर तांब्याच्या तारेसारखी लालभडक होते. दुसरे काठ पूर्ण सोडून देतात, तेही चुकीचंच. जरीच्या दोन तारांच्या मधून खालचं रेशीम डोकावत असतं. तिथे काळं राहिलं की काठ मळका दिसतो, उसना आणून शिवल्यासारखा. मेघाने फोटोतला लाल रंगाचा थर वेगळा काढून बघितला. त्यात सोन्याची तार पांढरीशुभ्र उजळते आणि काळं काळंच राहतं. त्याचीच तिने जाळी केली. तार जाळीखाली झाकली गेली आणि रंग फक्त तारांच्या फटींत उतरला. काळ्यावर झगमगणारी जर मरूनवर जरा फिकी पडली होती. तिचा तेवढा उठाव वेगळा वाढवला. पदरावरचा एकेक बुट्टा मोठा करून तपासला. तार न् तार मोजता यावी असा काठ उभा राहिला.

तरीही काहीतरी खोटं दिसत होतं. तिला कळायला वेळ लागला. काळी साडी अंगावर रंग टाकत नाही. लाल साडी टाकते. अंगावर मरून रेशीम आहे आणि हनुवटीखाली त्याची झाक नाही, असं होत नाही. मेघाने ब्रश अगदी हलका केला आणि आईच्या हनुवटीखाली, गळ्याशी, मनगटाच्या आतल्या बाजूला लालसर झाक फिरवली. हे करताना मात्र तिचा हात जड झाला. आतापर्यंत ती साडीला खोटं बोलायला लावत होती. आता आईच्या तोंडाला हात लावला होता. पण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि स्वभावाला औषध नसतं.

फोटो अप्रतिम झाला. चाचांनी बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाले, "मी काढलेला फोटो कुठला, हे आता मलाही सांगता येणार नाही."

वर्षश्राद्धाला गावात मांडव होता. बट्ट्या तळून निघत होत्या, वरणाला फोडणी बसली होती. ओसरीत हार घातलेला आईचा फोटो. आईचा थोरला भाऊ झुलाल नाना लोडाला टेकून बसला होता, धाकटी बहीण भागाबाई फोटोसमोर डोळे पुसत होती. मेघा आत आली तेव्हा भागामावशी म्हणत होती, "काय जर शे वं! हात लावाले जीव व्हस."

"मीच लिधी व्हती मामीसाठी," रूपा म्हणाली. सासूला ती मामी म्हणायची. "आखाजीना सनले. ह्यास्नासोबत धुळाले धाडी. म्हटलं, लेकीकडे राहस तर राहो, पन साडी तर सुनेनी पाहिजे. बठ्ठं आम्हीच पुरवत व्हतो, बरं का मावशी. नुसतं राहाले लेकीकडे."

मरून रूपाला का हवा होता, हे आता मेघाला उमगलं. रूपाच्या अंगावरही मरूनच होती, नवीकोरी. दोघी सासू-सुनांनी एका वेळी घेतल्यासारखी!

"बहू गुनाची सून," नाना म्हणाला. मग मेघाकडे वळून, अगदी मायेनेच: "आनि तू वं पोरी, तू काय दिधं मायले?"

मेघा उसळली. "ही साडी मी दिली, नाना! काळी चंद्रकळा होती. मी रंग बदलला. हा समाधान आला होता सांगायला."

रूपाने नुसता पदर सावरला. मेघाने मोबाईल काढला आणि खरा फोटो उघडला. कधीतरी नीलेशने व्हॉट्सॲपवर पाठवलेला, लहानसा, दबलेला. त्यात काळ्या साडीचा नुसता डाग दिसत होता, आणि काठाची जर म्हणजे पिवळी फासलेली पट्टी. नानाने मोबाईल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग भिंतीकडे बघितलं. भिंतीवर तार न् तार चमकत होती. हनुवटीखाली लाल झाक होती.

"पोरी," नाना म्हणाला, "तुन्हा कंप्युटरमा बठ्ठंच व्हस. आठे खोटं दिसी राह्यनं, जर देख ना, कशी फासेल शे. रांडाव बाईले काळी चंद्रकळा कोन लेस? भाऊजाईवर राग शे तर धर, पन मायना फोटोवर नको काढू."

"चाचांना फोन लावते. त्यांनीच काढलाय."

"तुन्हा मालक तुन्हासारखंच सांगी," रूपा हलकेच म्हणाली.

मेघा समाधानकडे वळली. तो बट्ट्यांची पाटी घेऊन दारात उभा होता. "तू सांग," ती म्हणाली. "आईची शपथ आहे तुला. कोणती साडी होती?"

समाधानने बायकोकडे बघितलं नाही, बहिणीकडेही बघितलं नाही. भिंतीकडे बघितलं. "फोटोमा शे तीच," तो म्हणाला, आणि पाटी घेऊन पंगतीत गेला.

मेघा मोठ्याने रडली नाही, भांडलीही नाही. स्टुडिओतली मूळ फाईल आणली तरी तीही कंप्युटरचीच ठरली असती; भांडायला हाती काही उरलं नव्हतं. पुरावा तिने स्वतःच्या हाताने पुसला होता, आणि तोही मन लावून. दोन वर्षं आईला न्हाऊ घातलं, डोळ्यांत थेंब घातले, ते सगळं त्या मरूनखाली गेलं. राग तिला रूपाचा आला, भावाचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्यांत जास्त आपल्या कसबाचा आला.

पंगत उठल्यावर भागामावशी तिच्याजवळ येऊन टेकली. म्हातारीला भांडण आवडत नसे, काहीतरी गोड बोलून ते मिटवायची तिला सवय होती. "मन्हा बी असाच फोटो करी देजो वं मेघा," ती म्हणाली. "मन्हाकडे चांगली साडी नही, पन तू देशी ना त्यामा? अशीच जरनी?"

"देसू ना मावशी," मेघा म्हणाली. "पन ती साडी कोना नाववर देऊ, तेवढं आजच सांगी ठेव."

मावशी खळखळून हसली. तिला वाटलं, पोरीचा राग गेला.