नऊ पूर्णांक बहात्तर

शाखेत सगळे तिला ठेवीवाली म्हणत. मुदत ठेवींचं काउंटर तिचं, आणि दारातला फळाही तिचाच, कारण तिच्यासारखं अक्षर तिथे कुणाचं नव्हतं. सोमवारी मॅनेजरने चिठ्ठीवर आकडा दिला आणि तिने तो निळ्या मार्करने ठसठशीत काढला : ‘पाच वर्षांच्या ठेवीवर उत्पन्न ९.७२ टक्के’. खाली मुंगीएवढ्या अक्षरात, ‘व्याज ८ टक्के, तिमाही चक्रवाढ’. ‘उत्पन्न’ हा शब्द मॅनेजरचा. व्याज म्हटलं असतं तर खोटं ठरलं असतं; उत्पन्न म्हटलं की माणूस स्वतःच फसतो आणि बँक हात झटकून मोकळी. ठेवीवालीला हे चांगलं कळत होतं. पण टार्गेट डोक्यावर बसलेलं, म्हणून तिने फळ्याचा फोटो घरच्या ग्रुपवरही टाकला.

शुक्रवारी मावशी आली. आई गेल्यावर हिनेच तिला वाढवलं होतं. ते सुंदर अक्षरही हिनेच वळणावर आणलं होतं, बोटांवर पट्टी मारून मारून. आल्या आल्या तिने दहा लाखांचा चेक काचेखालून सरकवला.

“पाच वर्षांसाठी घाल. त्या वृद्धनिवासात खोलीचे पंधरा लाख भरायचे. ते एकदा भरले की कुणाच्या दारात जाऊन पडायला नको.”

“पैसे कुठून आणलेस?”

“पलीकडच्या बँकेतली ठेव मोडली. मागच्याच महिन्यात ठेवली होती, नऊ टक्क्यांनी. व्याज वर्षातून एकदाच मुद्दलात मिळवायचे. लवकर मोडली म्हणून महिन्याचं व्याज बुडवलं मेल्यांनी. बुडू दे. नवापेक्षा पावणेदहा बरे.”

मागे मॅनेजर उगाच घुटमळत होता. गप्प बसून पावती छापता आली असती. पण पावतीवर शेवटची रक्कमही छापून येते, आणि मावशीला वाचता येतं. तिने एक स्लिप उलटी केली.

“मावशी, शंभर रुपये धर. वर्षाचे आठ टक्के, म्हणजे तीन महिन्यांना दोन. पहिल्या तिमाहीला एकशेदोन. पुढचे दोन टक्के त्या एकशेदोनवर, म्हणून एकशेचार रुपये चार पैसे. मग एकशेसहा रुपये बारा पैसे. वर्षाअखेर एकशेआठ रुपये चोवीस पैसे.”

“म्हणजे चार वेळा मिळवल्याने वर्षाला वरचे चोवीस पैसेच?”

“तेवढेच. आठाचे खरे सव्वाआठसुद्धा पुरते होत नाहीत.”

“मग पावणेदहा कुठून आले?”

“पाच वर्षांत शंभराचे एकशेअठ्ठेचाळीस रुपये एकोणसाठ पैसे होतात. वरच्या अठ्ठेचाळीस एकोणसाठला पाचाने भागलं. झालं नऊ पूर्णांक बहात्तर.”

मावशीने स्लिप काचेखालून आपल्याकडे ओढली. “हीच फूटपट्टी माझ्या जुन्या ठेवीला लावली तर?”

ठेवीवालीने कॅल्क्युलेटरची बटणं दाबली. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं, तरी दाबली. “पावणेअकरा. तिथे दहाचे पंधरा लाख अडतीस हजार झाले असते.”

“आणि इथे?”

“चौदा लाख पंच्याऐंशी हजार नऊशे सत्तेचाळीस.”

मावशीने मनातल्या मनात वजाबाकी केली. तिला कागद कधीच लागला नव्हता.

“मग तिथेच परत जा ना,” ठेवीवाली हळूच म्हणाली. “मी इथे सांगते काहीतरी.”

“तिथे आता भाव पावणेआठावर आलाय. सकाळीच पाटी बदलली त्यांनी.”

म्हणजे आता इथेच बरं होतं. याहून वाईट काय असणार! मॅनेजरने घसा खाकरला. ठेवीवालीला त्याची शरम वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

“पंधरा लाखांना कमी पडणारे चौदा हजार मी भरीन, मावशी. चौदा हजारांचं काय एवढं?”

“तेच तर नको होतं मला,” मावशी म्हणाली. आवाज चढला नाही. “कुणी भरायला नको, म्हणून तर हा सगळा खटाटोप.”

मावशीने फॉर्मवर सही केली. पावती आली. तिने शेवटची रक्कम वाचली, पावती आणि स्लिप दोन्ही पर्समध्ये नीट घडी करून ठेवल्या. मॅनेजर पुढे येऊन हात जोडून आभार मानून गेला, तिने मान हलवली.

जाताना ती फळ्यापाशी थांबली. ठेवीवाली काउंटर सोडून मागे आली.

“खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं गं,” ती म्हणाली. हे आपण का बोललो, तिचं तिलाच कळेना.

“असेल. फोटोत अक्षर ओळखलं तुझं. मग खालचं वाचलंच नाही.”

मावशीने ‘९’ च्या गोल वळणावरून बोट फिरवलं. बोटाला निळी शाई लागली, ती तिने पदराला पुसली.

“पुढच्या वेळी छापून घ्या म्हणावं साहेबांना,” ती म्हणाली. “तू हाताने लिहू नकोस.”