चिमीच्या फोटोखालच्या ओळी

सोमवारी सकाळी चिमीचा फोटो आला आणि त्याच्या मागोमाग हुकूम: याला कॅप्शन लिहून दे, एवढी पुस्तकं वाचतेस, जरा तरी उपयोग होऊ दे.

चिमी माझी धाकटी बहीण. फोटोत ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपसमोर बसली होती, सात वर्षांनी. कोट इतका कडक इस्त्रीचा की बाह्यांवर घडीच्या रेघा उठल्या होत्या. चेहरा शांत. पण डावा अंगठा तिने मुठीत दडवला होता, आणि तो ती कधी दडवते हे मला ठाऊक आहे.

मुलगी झाली तेव्हा तिने नोकरी सोडली, दोन वर्षांनी परतायचं म्हणून. मग मुलगा झाला. मग आई आजारी पडली आणि चिमी तिच्यापाशी राहिली. आईला जाऊन आता चार महिने झाले होते.

दुपारी तिचाच एक मसुदा आला. ‘छोट्याशा विश्रांतीनंतर’ अशी सुरुवात. मी विचारलं, या सात वर्षांत विश्रांती नेमकी कधी झाली? ती म्हणाली, सात लिहिलं की लोक बोटांवर हिशेब करतात, इतकी वर्षं ही करत काय होती म्हणून. दुसऱ्या मसुद्यात सासूबाईंपासून शाळेच्या व्हॅनवाल्यापर्यंत अकरा जणांचे आभार होते. मी म्हटलं, ही लग्नपत्रिका झाली. शिवाय फोटोखाली पहिल्या दोनच ओळी दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, आणि तेवढे कष्ट फारसं कुणी घेत नाही. त्या दोन ओळी सासूबाईंनीच व्यापल्या होत्या. चिमी परत कामाला लागली आहे ही बातमी नवव्या ओळीत होती.

तिसरा मसुदा माझा. त्यात पंख होते, आकाश होतं. पाठवायच्या आधी वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. पुसून टाकला.

संध्याकाळी फोटो मोठा करून पाहताना एक गोष्ट लक्षात आली. तिच्या कोपरापाशी रक्ताच्या नळ्यांचा स्टँड होता आणि एका नळीवरच्या स्टिकरवरचं पेशंटचं आडनाव आणि वय सरळ वाचता येत होतं. मी फोन केला.

“माझं लक्ष गेलं नाही ताई,” ती म्हणाली. “आणि मी तिथे बसून बारीक गोष्टी शोधणार आहे.”

मंगळवारी तिने फोटो कापून लॅबच्या मॅडमना दाखवला. फोटो त्यांनीच काढला होता, तेव्हा चूक दोघींची होती. त्यांनी तसं म्हटलंही, आणि आता टाकायला हरकत नाही असं सांगितलं. पण चिमीचा धीर सुटला तो सुटलाच. कॅप्शन राहू दे, शुक्रवार होऊ दे, म्हणाली.

शुक्रवारचं प्रकरण असं होतं. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाला लॅब लगेच एकट्याने रिपोर्ट सोडू देत नाही. आठवडाभर प्रत्येक स्लाइड आधी चिमी पाहून निष्कर्ष लिहिणार, मग मॅडम तिचा कागद न बघता तीच स्लाइड पाहणार, आणि शुक्रवारी दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवणार. जुळले तर मायक्रोस्कोप तिचा. नाही जुळले तर पुढचे तीन महिने पुढच्या खिडकीत, नळ्यांवर लेबलं चिकटवायला.

“आज ढोल वाजवायचे आणि सोमवारी लेबलं चिकटवत बसायचं,” ती म्हणाली. “नको गं बाई.”

बुधवारी मी आईच्या फोटोंचा डबा काढला. हे काम मी चार महिने टाळत होते. आई फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायची, आणि तेही मोजकंच: तारीख, काय घडलं, फोटो कुणी काढला. गोड, सुंदर, अविस्मरणीय यातलं काहीही तिच्या हातून कधी उतरलं नाही. साधारण मधल्या थरात चिमीच्या पहिल्या नोकरीचा फोटो सापडला. दारात उभी, खांद्याला पर्स, अंगठा मुठीत. मागे तारीख, आणि खाली: ‘नोकरीचा पहिला दिवस. घाबरली आहे. डबा विसरली, नेऊन दिला. फोटो मी काढला.’

मी तो पालथा फोटो हातात घेतला. त्याची मागची बाजू मोबाइलवर टिपली, पण पाठवली नाही. शुक्रवारी काही कमीजास्त झालं असतं तर त्या चार ओळी तिला झेपल्या नसत्या. मलाही नसत्या.

शुक्रवारी पाच वाजता तिचा फोन आला. मागे बसचा आवाज होता. आधी तिने मुलांनी खाल्लं का, नवरा वेळेत पोचला का, हे सगळं सांगितलं. चिमीला मुद्द्यावर यायला असाच वळसा लागतो.

त्रेचाळीस स्लाइडपैकी एकेचाळीस जुळल्या होत्या. एकीत ती चुकली, आणि ते तिने मान्य केलं. उरलेली एक वेगळीच होती. सकाळी मशीनने एका पेशंटच्या प्लेटलेट्स अडतीस हजार दाखवल्या. दीड लाखाच्या वर हव्यात, आणि पेशंटचं दुपारी ऑपरेशन होतं. आकडा तसाच गेला असता तर ऑपरेशन पुढे ढकललं गेलं असतं, कदाचित प्लेटलेट्स चढवल्याही असत्या. मॅडमनी स्लाइडवर घाईत नजर टाकून ‘कमी’ असं लिहून ठेवलं होतं. चिमीने स्लाइड मधून न बघता कडेला सरकवली, जिथे रक्ताचा थर पातळ होत संपतो. तिथे प्लेटलेट्सचे घोळके होते. कमी नव्हत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि मशीनला चिकटलेल्या मोजता येत नाहीत. सकाळचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीतलं होतं; रक्त गोठू नये म्हणून तिच्यात जे औषध असतं, त्याने काही जणांच्या रक्तात असं होतं.

“मला वाटलं, मशीन नवीन, मॅडमना वीस वर्षांचा अनुभव, आणि मी सात वर्षं भाजी निवडत होते,” ती म्हणाली. “तरी वॉर्डला फोन लावला. नंतर मॅडमनाही हेच सांगितलं.”

तिने रिपोर्ट थांबवला आणि वेगळं औषध असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत नवं रक्त मागवलं. आकडा एक लाख पंचावन्न हजार आला. त्या नळीतल्या पातळ औषधाने रक्त थोडं विरळ होतं, म्हणून त्यात एक दशांश मिळवायचा असतो. तेही तिला कुणी आठवण न करता आठवलं. एक लाख सत्तर हजार. ऑपरेशन वेळेवर झालं. मॅडमनी स्वतःचा कागद खोडला, खाली सही केली आणि सोमवारपासून स्लाइड तू एकटी बघ, असं सांगून चहाला निघून गेल्या.

“एवढंच?” मी विचारलं.

“दारातून वळून म्हणाल्या, भाजी चांगली निवडतेस.”

आम्ही दोघी हसलो. मग ती रडली, पण थोडंच. तिचा स्टॉप आला होता.

त्यानंतर मी आईच्या अक्षराचा फोटो पाठवला. तासाभराने एक मसुदा आला:

‘सात वर्षांनी कामाचा पहिला आठवडा. थोडी घाबरले होते. सोमवारपासून स्लाइड मी एकटी बघणार. डबा रोज नवऱ्याने भरला. फोटो: आमच्या मॅडम.’

मी फोन करून एकच शब्द काढायला सांगितला, ‘थोडी’. तिने वाद घातला नाही. मागून मुलीचा आवाज येत होता, आई, तू पास झालीस का, आणि चिमी तिला सांगत होती की हो, एका चुकीसकट.

पोस्ट झाल्यावर पाहिलं तर पहिल्या दोन ओळींत सात वर्षं होती, घाबरणं होतं, आणि काम होतं. मला वाटलं, आता यात माझं काही राहिलं नाही. मग लक्षात आलं, आईने आणखी एक गोष्ट मागितली असती. मी कळवलं.

पाच मिनिटांत तिने वर तारीख घातली.