लाल फुली

चौदा वर्षं मी गॅरेज चालवते. नखांतलं ग्रीस कितीही घासलं तरी जात नाही. आणि माझ्या दुसरीतल्या चिमणीने ‘जोड्या लावा’मध्ये ‘आई’पासून ‘पाना’पर्यंत रेघ ओढली, तर बाईंनी त्या रेघेवर भली मोठी लाल फुली मारली! माझं डोकंच फिरलं.

तडक शाळेत गेले. बाई म्हणाल्या, “अहो, उत्तरसूचीत आई-कढई, बाबा-पाना असंच आहे. तुमचं वेगळं आहे हो. एका गुणासाठी कशाला मनाला लावून घेता?”

गुण गेला खड्ड्यात! चिमणीने घरी येऊन ती रेघ कागद फाटेपर्यंत खोडली होती. त्यानंतर तिने गॅरेजमध्ये पाय ठेवला नाही. म्हणे, “ते बाबांचं काम असतं.” तिच्या बाबांना साधा स्क्रू पिळता येत नाही! मी तावातावाने तासभर भाषण ठोकलं. तिने जांभई दिली.

“अगं, तू सांगू नकोस,” नवरा म्हणाला. “तिलाच बघू दे.”

मग दोघी तिचं शाळेचं पुस्तक घेऊन बसलो. कागदावर दोन रकाने आखले, ‘करतंय’ आणि ‘बघतंय’. प्रत्येक चित्राला मी एवढंच विचारायचं, “यात कोण काय करतंय?” जीभ चावून गप्प बसणं म्हणजे काय, ते मला विचारा! मुलगा झाडावर चढतोय, मुलगी खाली उभी. बाबा सायकल दुरुस्त करतायत, मुलगा पाना देतोय, मुलगी टाळ्या वाजवतेय. विसाव्या पानापर्यंत ‘करतंय’मध्ये मुलगे सतरा, मुली चार. त्यातल्या तिघी भांडी घासत होत्या.

पुढच्या गोष्टीत भाऊ बुडणाऱ्या, रडणाऱ्या बहिणीला वाचवतो. मी भाऊ-बहिणीची अदलाबदल करून वाचली. चिमणी खो खो हसली. “मुलगा कुठे रडत बसतो?”

“का गं, आपला दादा रडत नाही?”

ती थबकली. “परवा इंजेक्शनला रडला.” मग कागदाकडे बघत म्हणाली, “आई, मुली नुसत्या बघतायत गं.”

हुश्श! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात तिने खाली लिहिलं, ‘आपलं गॅरेज’. करतंय: दादा. बघतंय: मी.

“पाना तू नेहमी दादाला देतेस. मला उजेडासाठी बॅटरी धरायला लावतेस.”

“अगं, तू लहान...” दादा तिच्याएवढा असतानाच त्याच्या हातात पाना होता. मीच दिलेला. मला स्वतःचाच असा राग आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी तिला हाताला धरून गॅरेजमध्ये नेलं. पाना तिच्या हातात दिला, बॅटरी दादाच्या. “मी? बॅटरी?” तो फुगला. नट काही हलेना. माझा हात दोनदा आपोआप पुढे गेला.

“आई,” दात-ओठ खात ती म्हणाली, “तू नुसती बघ.”