आंबट तोंड

काट्यावरचा आकडा स्थिरावला. पाच किलो दोनशे. मागच्या खेपेलाही पाच किलो दोनशे, म्हणजे तीन आठवडे ढोल्या जिथल्या तिथे. पोटात असताना इतका मोठा वाटायचा की बापाने आधीच नाव ठेवलं ढोल्या. आता पाच महिन्यांच्या त्या काडीला तशी हाक मारताना कुणालाच हसू येत नसे.

त्याच्या आईला आकडा पाहून काहीच वाटलं नाही. वाटणं तिने कधीच थांबवलं होतं. आकडा वहीत उतरवला, झबलं घातलं, उचललं.

"दूध घेतोय, तरी अंगी लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "आजारामुळे त्याचा पाचक रस आतड्यात उतरत नाही, म्हणून कॅप्सूलमधून देतोय. एका कॅप्सूलची दीड केली, तरी हीच गत. आणखी थोडी वाढवता येईल, पण मर्यादा ओलांडली तर आतड्यालाच इजा होते. काही उलगडलं नाही, तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. आधी आहारतज्ज्ञ बाईंना भेटा."

आहारतज्ज्ञ बाईंनी वही पाहिली आणि भुवया वर गेल्या. ढोल्याची आई दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. पाच वर्षं लोकांच्या दुधाचं फॅट आणि आम्लता मोजत होती, त्यामुळे वही कशी, तर आरशासारखी. दर वेळी एकशे वीस मिली दूध, त्यात सव्वाचार ग्रॅम चरबी, त्या हिशेबाने कॅप्सूल. खाडाखोड नाही.

"हिशेब चोख आहे. आता देता कसं, तेवढं करून दाखवा. दिवसा कोण देतं?"

"मी," शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या. "ही कामावर जाते ना."

त्यांनी पिशवीतून झाकणाची डबी काढली. आत पांढरट, पातळ काहीतरी होतं. "सकाळीच करून ठेवते, तिन्ही वेळचं. कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गरात घालते. नुसता गर आंबट लागतो हो त्याला, तोंड वेडंवाकडं करतो. म्हणून दूध घालते."

"किती दूध?"

"आधी चमचाभर. आता जरा जास्त. गर आपला नावाला."

बाईंनी चमच्याने तळ ढवळला. दाणे जवळजवळ उरलेच नव्हते. एक सापडला, तो बोटाला लागताच पिठासारखा झाला.

"आजी, या दाण्यांना आवरण असतं. आंबट पदार्थात ते टिकतं, पोटातही टिकतं आणि आतड्यात गेल्यावर सुटतं. दूध आंबट नसतं. त्यात आवरण डबीतच सुटलं. मग आतलं औषध पोटातल्या आम्लाने मरतं. बाळाला दिवसाची कॅप्सूल मिळतच नव्हती म्हणा ना."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"माझ्या अकलेचे दिवे, दुसरं काय," त्या म्हणाल्या. "हिला काही ठाऊक नाही. मीच केलं."

बाईंनी मान हलवून कागदावर लिहायला घेतलं.

ढोल्याच्या आईसमोर वाट मोकळी होती. गप्प बसलं की झालं. म्हातारं माणूस, चुकलं, कोण काय म्हणणार? सासूबाई तिच्याकडे बघतही नव्हत्या.

"मी शिकवलं त्यांना," ती म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं.

"कामावर रुजू झाले त्या सकाळी घाई होती. तो थुंकत होता. मला बघवेना, म्हणून मी चमचाभर दूध घातलं. त्या चमच्याची चरबीसुद्धा हिशेबात धरली मी. आम्लतेचा विचार आला नाही. रोज तीच मोजते."

तिचा आवाज जराही हलला नाही. बोलताना तिलाच त्याची लाज वाटली.

"सांगितलंत, बरं केलंत," बाई म्हणाल्या. "आजच्या आज नळीचं कारण नाही. मी डॉक्टरांशी बोलते. डोस पुन्हा एक कॅप्सूल, दोन आठवड्यांनी वजन. गर नुसता, ताजा, दूध पाजण्याच्या अगदी आधी. दाणे चिरडायचे नाहीत. नंतर हिरड्यांवरून बोट फिरवून बघा, दाणा राहिला तर तोंड सोलवटतं."

बाहेरच्या बाकावर दोघी टेकल्या.

"माझ्यावर जाऊ द्यायचंस," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुझ्यावर सगळ्याचा भार आहेच की."

"तुम्ही मला का नाही विचारलंत, आई? दूध वाढवताना?"

"तुला काय विचारायचं? तू केलंस म्हणजे बरोबरच असणार."

ढोल्या भुकेने कुरकुरला. तिला आता रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. तिने बाळ सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि नळावर जाऊन ती डबी पुन्हा पुन्हा धुतली.