अठरा मिलिमीटर

मांजर्लीतल्या इमारतीत सुदाम गवंड्याने आठवड्यात दहा गोण्या सिमेंट वापरलं आणि गिलावा ऐंशी चौरस मीटरच झाला.

सुपरवायझर भूपेश चिडला. "एकास सहा वाळूचा माल, बारा मिलिमीटर जाडी. गोणीला बारा मीटर व्हायला पाहिजेत. तीन गोण्या घरी नेल्या काय, सुदामभाऊ?"

दमलेल्या सुदामने आजच्या ओल्या गिलाव्यात तीन ठिकाणी खिळा विटेपर्यंत खुपसला आणि टेपला लावून दाखवला. अठरा, सतरा, एकोणीस.

"जाडी दीडपट, म्हणून गोणीला आठच. भिंत ओळंब्यात नाही, मध्ये खोल गेलीय. भरावी लागली."

भूपेश वरमला. "सॉरी, भाऊ. पण वीटकाम कोणाचं? त्याला उद्यापासून गेटवरच अडवतो."

सुदामने थापी पुसून पिशवीत टाकली.

"माझंच," तो म्हणाला.